रात्रपाळीचे वाढीव युनिट: कारखान्यातल्या मीटर नोंदींचं काम

२१ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

भोसरीत गुरुवार सुट्टीचा, त्यामुळे पॅनल बंद ठेवून निवांत वायरिंग करता आलं. कारखाना प्लास्टिक इंजेक्शन मोल्डिंगचा आहे. बारा मशीन, सगळी हायड्रॉलिक. सोबत चिलर, कूलिंग टॉवरचे पंप आणि ३७ किलोवॅटचा स्क्रू कॉम्प्रेसर. पाळ्या तीन: सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात.

महावितरणचं मीटर २२ केव्हीच्या बाजूला आहे आणि बिल महिन्याला येतं. बिलात टीओडीचे, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार बदलणाऱ्या दराचे, टप्पे असतात, पण रात्री दहा ते सकाळी सहा हा टप्पा आमच्या कुठल्याच पाळीशी जुळत नाही. शिवाय २०२४ च्या दरांत त्या टप्प्यात युनिटमागे दीड रुपया सूट मिळते. त्यामुळे रात्री वीज वाया गेली तरी बिलाचा सरासरी दर उलट खाली आलेला दिसतो आणि कुणाचं लक्ष जात नाही. म्हणून प्रत्येक पाळीचे युनिट वेगळे मोजायचे आणि जी पाळी गरजेपेक्षा जास्त वीज खाते ती दुसऱ्या दिवशी सकाळी समोर यायला हवी, एवढं काम ठरलं आहे.

आज पाच मीटर एका आरएस ४८५ च्या तारेवर आणले: मुख्य इनकमर, मशीन फीडर ए, मशीन फीडर बी, युटिलिटी (चिलर, पंप, कॉम्प्रेसर) आणि लाइट-ऑफिस. तार एका मीटरवरून पुढच्या मीटरवर अशी ओळीने नेली आहे आणि शेवटच्या मीटरवर १२० ओहमचा रेझिस्टर लावला आहे. पॉवर केबलच्या ट्रेमधून ती मुद्दाम नेली नाही. दुसऱ्या टोकाला स्टोअरच्या खोलीतला एक जुना पीसी आहे, तो दर मिनिटाला वाचन घेतो.

पहिलंच वाचन अब्जांच्या घरात आलं. या मीटरमध्ये युनिटचा आकडा दोन रजिस्टरमध्ये विभागलेला असतो आणि कुठला अर्धा आधी येतो हे कंपनीगणिक बदलतं. क्रम उलटा केल्यावर मीटरच्या पडद्यावरचा आणि पीसीवरचा आकडा एकच झाला. पाचही मीटरसमोर उभं राहून हे जुळवून घेतलं. हे आधीच करावं लागतं, कारण पुढचं सगळं गणित याच आकड्यावर उभं राहणार आहे.

२५ नोव्हेंबर, सोमवार

फीडरची बेरीज मुख्य मीटरशी जुळत नाही. दुपारी अकराही मशीन स्थिर चालू होती (एकावर साचा बदलत होते) तेव्हाची वाचनं अशी: मुख्य १५० किलोवॅट, फीडर ए ५४, फीडर बी १४, युटिलिटी ४८, लाइट ५. चारही फीडर मिळून १२१ होतात. २९ किलोवॅट गायब.

केबल आणि बसबारमध्ये एखादा किलोवॅट जातो, २९ जात नाही. फीडर बी वर पाच मशीन आहेत आणि त्यांना १४ किलोवॅट पुरणं शक्यच नाही, म्हणून संशय तिथेच गेला. त्या मीटरवर फेजनिहाय वाचन काढलं: आर १४, वाय उणे १४, बी १४. एका फेजचा सीटी, म्हणजे मीटरसाठी करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर, उलटा जोडलेला आहे. समतोल लोडवर तीनपैकी एक सीटी उलटा असला की तो फेज बेरजेत येण्याऐवजी वजा होतो आणि मीटर खऱ्याच्या बरोबर एक तृतीयांश दाखवतं. खरं लोड ४२ आहे, दिसतंय १४. गायब झालेले २९ म्हणजे हे २८ आणि वर एक किलोवॅट लॉस.

एखादा सीटी तुटलेला असता तर वाचन दोन तृतीयांश आलं असतं. हे दोन अपूर्णांक लक्षात ठेवले तर पॅनल न उघडताही निम्मं निदान होतं.

आमचे इलेक्ट्रिशियन काका म्हणाले, "आत्ताच दोन वायरी फिरवतो, पाच मिनिटांचं काम." त्यांना थांबवलं. फीडर चालू असताना सीटीच्या दुय्यम बाजूचं सर्किट उघडं पडलं तर तिथे जीवघेणा व्होल्टेज तयार होतो. या पॅनलमध्ये सीटी शॉर्ट करायचे टर्मिनल नाहीत, त्यामुळे गुरुवारपर्यंत वाट बघायची.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

बंदमध्ये वाय फेजच्या सीटीच्या एस-१ आणि एस-२ वायरी अदलाबदल केल्या. त्याच वेळी सगळ्या मीटरमधलं सीटी गुणोत्तर सीटीवरच्या पट्टीशी ताडून पाहिलं. तिसऱ्या पाळीला मशीन सुरू झाल्यावर बेरजेतला फरक एक टक्क्याच्या आत आला.

मुख्य वजा चारही फीडर हा फरक आता प्रत्येक पाळीला आपोआप काढला जाईल. तो तीन टक्क्यांच्या वर गेला तर त्या पाळीचा निकालच द्यायचा नाही, आधी मीटर तपासायचं. जास्त वापराचा इशारा आणि मीटर बिघडल्याचा इशारा एकाच नावाने गेला की आठवड्याभरात लोक दोन्हीकडे बघणं सोडून देतात.

३ डिसेंबर, मंगळवार

आज पाळीच्या सीमा पक्क्या केल्या. दर मिनिटाचे किलोवॅट बेरजेला घेऊन युनिट काढायचे नाहीत. मीटरमधला चढता आकडा सात, तीन आणि अकरा वाजता उचलायचा आणि वजाबाकी करायची. मधली वीस वाचनं हुकली तरी पाळीचे युनिट बरोबर येतात, कारण मीटर मोजत राहतंच. सीमेवरचंच वाचन हुकलं तर दोन्ही बाजूंच्या वाचनांवरून अंदाज घ्यायचा, पण ते भोक दहा मिनिटांपेक्षा मोठं असेल तर ती पाळी सोडून द्यायची.

तिसरी पाळी मध्यरात्र ओलांडते आणि तिथे तारखेचा घोळ होतो. उत्पादनाच्या रजिस्टरमध्ये ती पाळी सुरू झाल्याच्या तारखेला लिहितात. मीटरची नोंद दुसऱ्या तारखेला गेली तर सोमवारच्या रात्रीचे युनिट मंगळवारच्या रात्रीच्या मालाशी जुळवले जातील आणि पुढचं सगळं निरर्थक होईल. दिवस सातला सुरू होतो असं धरलं की प्रश्न मिटतो:

```python
def paali(ts):
    t = ts - timedelta(hours=7)
    return t.date(), t.hour // 8 + 1
```

पीसीला इंटरनेट नाही आणि त्याचं घड्याळ पुढे पळतं. त्यामुळे काकांनी दर सोमवारी ते मोबाइलशी जुळवायचं ठरलं आहे.

दुसरा प्रश्न मालाचा. उत्पादन विभाग चांगल्या नगांची संख्या देतो. पण वीज प्लास्टिक वितळवायला आणि साच्यात दाबायला लागते, मग नग पास होवो की नापास. म्हणून एकूण शॉट गुणिले शॉटचं वजन, रनर आणि रिजेक्शन धरून, असे किलो मागितले आहेत. उत्पादन मॅनेजर साहेबांनी रजिस्टरमध्ये तो रकाना घालून दिला.

२६ डिसेंबर, गुरुवार

चार आठवड्यांची नोंद हातात आली. आडव्या अक्षावर किलो, उभ्या अक्षावर युनिट, असा प्रत्येक पाळीचा एक ठिपका मांडला. महिनाभर ऑर्डरी बदलत्या होत्या, त्यामुळे किलो ४५० ते ८५० पर्यंत पसरले आहेत. हे नशीबच म्हणायचं, कारण सगळ्या पाळ्या ७०० च्या आसपास असत्या तर रेषा कुठल्याही कोनात बसवता आली असती. पहिल्या दोन पाळ्यांचे ठिपके घेऊन एक्सेलमध्ये `SLOPE` आणि `INTERCEPT` लावलं. आलेली रेषा अशी:

```
kWh = 390 + 1.15 × kg
```

१.१५ म्हणजे एक किलो माल काढायला वाढीव लागणारे युनिट. ३९० म्हणजे एकही किलो न काढता आठ तासांत जाणारे युनिट: चिलर, पंप, कॉम्प्रेसर, दिवे, गरम ठेवलेले बॅरल. साधारण ४९ किलोवॅटचं कायमचं ओझं.

नुसत्या सरासरीने काम का भागत नाही ते या दोन पाळ्यांवरून दिसतं. शनिवारी २१ तारखेच्या पहिल्या पाळीत १,३४० युनिट गेले. पाळीची सरासरी १,२०० असल्यामुळे ती लगेच डोळ्यांत भरते. पण त्या पाळीत ८३० किलो माल निघाला होता. रेषेप्रमाणे ३९० अधिक ९५४, म्हणजे १,३४४ युनिट अपेक्षित होते. पाळी अगदी नीट चालली होती. त्याच रात्री तिसऱ्या पाळीत १,१३० युनिट गेले, सरासरीपेक्षा कमी. माल मात्र ५२० किलोच होता. अपेक्षा ९८८ ची, म्हणजे १४२ युनिट जास्त गेले. सरासरीवर इशारा लावला असता तर चांगल्या पाळीला नोटीस गेली असती आणि रात्रीची पाळी सुटली असती.

२७ डिसेंबर, शुक्रवार

मीटिंगमध्ये बराच वेळ याच मुद्द्यावर गेला. मॅनेजर साहेबांचं म्हणणं असं की रात्रीची तुलना रात्रीशीच व्हावी. रात्री दिवे जास्त लागतात, सेटर नसतो, मालही वेगळा चालतो, मग दिवसाच्या रेषेने रात्रीला मोजणं अन्यायाचं आहे. म्हणणं रास्त वाटतं, म्हणून तिन्ही पाळ्यांच्या वेगळ्या रेषा काढून पाहिल्या. किलोमागचे युनिट तिन्हींत जवळपास सारखेच आले. स्थिर भाग मात्र असा आला: पहिली ३८५, दुसरी ३९५, तिसरी ५१०.

रात्रीची स्वतःची रेषा वापरली तर २१ तारखेच्या रात्रीला १,१०८ युनिटची अपेक्षा होती आणि १,१३० गेले. फरक फक्त २२. कुठलाही इशारा वाजला नसता.

वाया जाणं रोजचं असेल तर ते त्या पाळीच्या इतिहासातच मुरलेलं असतं. इतिहासावरूनच अपेक्षा काढली की तेच प्रमाण ठरतं. म्हणून इशाऱ्यासाठी रेषा पहिल्या दोन पाळ्यांचीच ठेवायची आणि रात्रीचे १२० जादा युनिट कुठे जातात त्याचा हिशेब मागायचा असं मी मांडलं. दिव्यांचा फरक मोजता येतो: रात्री लाइट फीडर चार किलोवॅटने जास्त असतो, म्हणजे पाळीला ३२ युनिट. पण थंडीत रात्री चिलर तेवढ्याच प्रमाणात कमी चालतो, त्यामुळे या महिन्यात ते एकमेकांना खाऊन टाकतात. उरलेल्या १२० युनिटना अजून कारण सापडलेलं नाही. साहेबांनी मान्य केलं, पण एक अट घातली: कारण मिळेपर्यंत रात्रपाळीच्या कुणालाही जाब विचारायचा नाही. अट योग्य आहे.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

२१ तारखेच्या रात्रीचा फीडरनिहाय आलेख पंधरा-पंधरा मिनिटांच्या सरासरीने काढला. १४२ पैकी जवळपास सगळे युनिट दोन ठिकाणी सापडले.

पहिली जागा युटिलिटी फीडर. रात्री साडेअकरापासून सकाळी पावणेसातपर्यंत तो दिवसापेक्षा दहा किलोवॅटने वर होता, सरळ पठारासारखा. हे चिलरचं काम नव्हे. चिलर चालू-बंद होत राहतो आणि त्याचा आलेख दातेरी येतो. मिनिटाच्या वाचनांवर कॉम्प्रेसर ओळखता येतो, कारण तो लोडवर सुमारे ४० किलोवॅट घेतो आणि अनलोडवर १२. दिवसा तो साधारण ४५ टक्के वेळ लोडवर होता, त्या रात्री ८० टक्के. ३५ टक्के गुणिले २८ किलोवॅट म्हणजे ९.८ किलोवॅट, सव्वासात तासांत ७१ युनिट.

दुसरी जागा फीडर बी. बाराच्या सुमारास दोन मशीन थांबल्याचं रजिस्टरमध्ये आहे, कारणाच्या रकान्यात "मटेरियल नाही". फीडर तेव्हा खाली आला, पण जितका यायला हवा तितका नाही. दोन्ही मशीनचे पंपाचे मोटार आणि बॅरलचे हीटर चालूच राहिले. दोन्ही मिळून सुमारे ११ किलोवॅट, सकाळी सहापर्यंत ६६ युनिट.

७१ आणि ६६ मिळून १३७. शोधत होतो १४२.

४ जानेवारी, शनिवार

काल रात्री पाळीला थांबलो. आधी सुपरवायझर दादांना सांगून ठेवलं होतं, गुपचूप तपासणी असं काही नको होतं.

कॉम्प्रेसरचं उत्तर मशीन नऊजवळ मिळालं. तिथे जाड भिंतीचा एक नग चालतो. बाहेर पडताना तो आतून गरमच असतो आणि नीट थंड झाला नाही तर वाकतो. कन्व्हेयरवर तो थंड करायला एक पंखा होता, त्याचा मोटार दिवाळीआधी जळाला. तेव्हापासून रात्रपाळीने आतून ६ मिलिमीटरची न्युमॅटिक ट्यूब केबल टायने कन्व्हेयरच्या चौकटीला बांधली आहे आणि कॉक पूर्ण उघडा. हाताला हवेचा जोर चांगलाच जाणवतो, नळीचं तोंड बर्फासारखं गार. सहा बारच्या हवेला ६ मिलिमीटरचं उघडं तोंड म्हणजे आमच्या कॉम्प्रेसरच्या क्षमतेचा तिसरा हिस्सा सहज जातो. जळालेला पंखा पाऊण किलोवॅटचाही नव्हता.

हा नग दिवसा चालत नाही, कारण तो साचा फक्त रात्रीच्या नियोजनात असतो. फरक फक्त रात्रीच का, ते यातून कळलं.

थांबलेल्या मशीनबद्दल दादांना विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं, "स्टोअर सातला बंद होतं साहेब. दाणा संपला की सकाळपर्यंत वाट बघायची. हीटर बंद केला आणि बॅरल गार झालं तर सकाळी मशीन लागायला तास जातो, मग पहिल्या पाळीचे लोक आमच्या नावाने ओरडतात." हीटरबद्दल ते बरोबर आहेत. पंपाच्या मोटारबद्दल मात्र तसं नाही. माल चालू नसताना पंप फिरवून काही मिळत नाही, उलट तेल तापतं आणि ते गार करायला कूलिंग टॉवरचं पाणी लागतं. पंप बंद ठेवून हीटर स्टँडबायच्या तापमानाला आणता येतात, कंट्रोलरमध्ये ती सोय आहे. ती कुणी त्यांना दाखवलेलीच नव्हती. रात्री दोन वाजता आम्ही दोघांनी ती मशीन सातवर लावून पाहिली. साडेसहाला तापमान परत चढवलं आणि सातला पहिला शॉट चांगला निघाला.

एक सावधगिरी त्याच कागदावर लिहून दिली: नायलॉन आणि पॉलिकार्बोनेट बॅरलमध्ये तासन्‌तास पूर्ण तापमानावर ठेवला तर खराब होतो. त्यामुळे स्टँडबाय या मालांना विजेइतकंच मालासाठीही गरजेचं आहे.

९ जानेवारी, गुरुवार

कारखाना बंद असल्याचा फायदा घेऊन हवेच्या गळतीची चाचणी केली. सगळे वापर बंद, लाइन भरलेली, फक्त कॉम्प्रेसर चालू. कुणीच हवा वापरत नसताना कॉम्प्रेसर जितका वेळ लोडवर जातो तितकी गळती. घड्याळ लावून मोजलं: सरासरी ४८ सेकंद लोड, १९२ सेकंद अनलोड. ४८ भागिले २४० म्हणजे वीस टक्के. कॉम्प्रेसरची एक पंचमांश हवा कुणाच्याही उपयोगी न पडता जाते आहे, आणि हे तिन्ही पाळ्यांत.

मीटरच्या इशाऱ्यात ही गळती कधीच दिसली नसती. ती ३९० च्या स्थिर भागात बसलेली आहे, दिवसाही आणि रात्रीही. आमची रेषा पाळ्यांमधला फरक दाखवते. सगळ्यांत सारखं असलेलं नुकसान शोधायला अशा प्रत्यक्ष चाचण्याच लागतात.

साबणाचं पाणी घेऊन काका आणि मी लाइनभर फिरलो. बहुतेक गळत्या क्विक कपलरवर आणि फिल्टर-रेग्युलेटरच्या वाटीखाली सापडल्या. नवे कपलर मागवले आहेत. कन्व्हेयरला नवा पंखा आजच बसला आणि ती ट्यूब कापून टाकली.

१३ जानेवारी, सोमवार

इशाऱ्याचा नियम लिहिला. रेषेपासूनचा फरक किती मोठा झाला की बोलायचं, एवढाच प्रश्न होता. साधं प्रमाण विचलन घेतलं नाही. दोन-तीन बिघडलेल्या पाळ्या त्यात शिरल्या की मर्यादा फुगते आणि पुढची बिघडलेली पाळी निसटते. मध्यक आणि मध्यकापासूनच्या अंतरांचा मध्यक घेतला की हे होत नाही.

```python
r = kwh - (390 + 1.15 * kg)
med = median(old)
sigma = 1.4826 * median([abs(x - med) for x in old])
ishara = (r - med) > 3 * sigma
```

`old` मध्ये पहिल्या दोन पाळ्यांचे मागच्या चार आठवड्यांतले फरक आहेत. आमच्याकडे अंतरांचा मध्यक २४ युनिट येतो, म्हणून `sigma` सुमारे ३६ आणि मर्यादा १०७ युनिट. २१ डिसेंबरची रात्र १४२ वर होती, ती आता नक्की पकडली गेली असती.

इशाऱ्यात नुसता आकडा पाठवायचा नाही. कुठला फीडर, किती वाजल्यापासून आणि नेहमीपेक्षा किती किलोवॅट वर, हे तीन तपशील असतील तरच सुपरवायझर पाळीचं रजिस्टर उघडून काही शोधू शकतो. पीसीला इंटरनेट नसल्यामुळे तो सकाळी साडेसातला मोबाइलवरून व्हॉट्सअ‍ॅपवर जातो, तिन्ही सुपरवायझर आणि मॅनेजर साहेब यांना एकदमच. मालाचे किलो तोवर भरलेले नसतील तर इशारा जात नाही, नोंद अपुरी असल्याचा निरोप जातो.

२२ जानेवारी, बुधवार

दुसऱ्या पाळीला इशारा आला, १३१ युनिट जास्त. फीडर ए, संध्याकाळी पाच ते नऊ. सुपरवायझरचं उत्तर दहा मिनिटांत आलं: नव्या साच्याची ट्रायल होती. मशीन चार तास चाललं, शॉट निघाले, पण ट्रायलचा माल उत्पादनाच्या रजिस्टरमध्ये लिहीत नाहीत. युनिट मोजले गेले, किलो नाहीत. इशारा बरोबर होता, पण वाया काही गेलं नव्हतं. आता ट्रायलचे किलो वेगळ्या ओळीत लिहायचे आणि गणितात धरायचे.

१० फेब्रुवारी, सोमवार

पंखा बसल्यापासून आणि दाणा संध्याकाळीच मशीनजवळ पोचवायला लागल्यापासूनच्या रात्रींची रेषा पुन्हा काढली. स्थिर भाग ५१० वरून ४२० वर आला आहे. ९० युनिट रोज रात्री वाचतात, महिन्याच्या सव्वीस रात्री धरल्या तर २,३४० युनिट. दिवसापेक्षा अजूनही तीस युनिट जास्त आहेत. थंडी ओसरल्यामुळे चिलरची रात्रीची बचत कमी होते आहे आणि दिव्यांचे ३२ युनिट उघडे पडत आहेत, असं लाइट आणि युटिलिटी फीडरवरून दिसतं. हे खरे दिवे आहेत. त्यांना इशाऱ्यातून सूट द्यावी म्हणून रात्रीच्या अपेक्षेत ३२ मिळवले. मात्र रात्रीची वेगळी रेषा केली नाही.

कपलर बदलल्यानंतर गळतीची चाचणी पुन्हा घेतली होती: ३० सेकंद लोड, २७० अनलोड. दहा टक्के. आमच्या जुन्या लाइनसाठी हे समाधानकारक आहे.

६ मार्च, गुरुवार

दोन आठवडे इशारा नाही, पण फरकांची ओळ बघितली तर दुसऱ्या पाळीचे आकडे हळूहळू वर सरकत आहेत: १५, ३०, २५, ४५, ४०, ६०. एकही १०७ ला पोचत नाही, म्हणून नियम गप्प. अशा सरकण्यासाठी साठत जाणारी बेरीज ठेवायला सुरुवात केली. प्रत्येक पाळीच्या फरकातून १८ वजा करायचे आणि उरलेलं मागच्या बेरजेत मिळवायचं, बेरीज शून्याखाली गेली तर शून्य धरायची. ती १८० ओलांडली की इशारा. वरच्या सहा आकड्यांनी ती ११० झाली आहे. असंच चालू राहिलं तर आणखी दोन-तीन पाळ्यांत ती वाजेल.

सरकण्याचं कारण बहुधा ऊन आहे. वाढ सगळी युटिलिटी फीडरवर आहे आणि दुपारी तीन ते सहामध्ये. बाहेरचं तापमान चढलं की चिलरला तेवढंच पाणी गार करायला जास्त वीज लागते. तरी कंडेन्सरमध्ये क्षार साठलेले असू शकतात, आणि ते तापमानाच्या नावाखाली लपून जातील. आज कंडेन्सर उघडून साफ केला, आत पांढरा थर होता. कूलिंग टॉवरजवळ तापमानाचा सेन्सर बसवला आहे. एप्रिलपर्यंत पुरेसे उष्ण आणि कमी उष्ण दिवस हाती आले की रेषेत किलोसोबत तापमानाचा भाग घालायचा. तोवर दुसऱ्या पाळीच्या इशाऱ्यासोबत बाहेरचं तापमानही छापलं जाईल.